काचेवर उरलेला गाल

फोटो फुल प्लेट आकाराचा आहे, म्हणजे साधारण साडेसहा बाय साडेआठ इंच, उभा. दोन खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीवर बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेला तरुण, उजवीकडच्या खुर्चीवर नऊवारी नेसलेली त्याची बायको. डोक्यावरून पदर, गळ्यात पुतळ्यांची माळ, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. मागच्या पडद्यावर रंगवलेला खांब आणि त्यावर चढलेली वेल. फोटोच्या पाठीमागे शाईनं १९४८ हे साल लिहिलेलं आहे. सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते हेच साल. फोटो सांगलीतल्याच एका स्टुडिओत काढलेला.

आज त्याचा नवा छाप सांगलीच्या गावभागातल्या एका घरात भिंतीवर आहे, आणि पाहणाऱ्याला त्यात काही वावगं दिसत नाही. बाईचा चेहरा तरुण आहे, थोडा बुजलेला आहे, नवऱ्याच्या चेहऱ्याइतकाच जुना आणि तितकाच धूसर आहे. पण त्या चेहऱ्याचा निम्म्याहून अधिक भाग या फोटोतला नाही. कपाळ, दोन्ही डोळे, नाकाचा दांडा आणि एक गाल हे सारं साताऱ्यात काढलेल्या दुसऱ्या एका फोटोतून आलेलं आहे. जुन्या, खराब झालेल्या, कृष्णधवल फोटोत चेहरा बसवण्याचं काम आता फोनवरसुद्धा होतं. तशी बरीच कामं मी पाहिली आहेत, आणि बहुतेक पाहवली नाहीत. हे एक काम मला पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. त्यात काय साधलं आहे आणि कशामुळे साधलं आहे, ते उलगडून पाहावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी तो चेहरा गेला कसा, ते सांगायला हवं. कारण पुढचं सगळं काम त्या जाण्याच्या तऱ्हेवर अवलंबून आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभागातली घरं अनेक दिवस पाण्यात होती, आणि हा फोटो फ्रेमसकट पाण्यात होता. अशा फोटोत कागदावर जिलेटिनचा एक पातळ थर असतो, आणि चित्र घडवणारे चांदीचे कण त्या थरात असतात. जिलेटिन पाणी पिऊन फुगतं, मऊ आणि चिकट होतं. समोर काच असेल आणि फोटो तिला टेकला असेल, तर ते वाळताना काचेलाच धरून बसतं. या फ्रेमची मागची फळी उजवीकडे फुगली होती, त्यामुळे बाईच्या बाजूचा कागद काचेवर दाबला गेला. नवऱ्याच्या बाजूला मात्र किंचित पोकळी राहिली. पूर ओसरल्यावर घरातल्या कोणीतरी फ्रेम उन्हात वाळवली आणि मग मागून उघडून फोटो ओढला. नवरा कागदावर आला. बायकोच्या चेहऱ्याच्या जागी कागदाचा पांढरट खरबरीत डाग राहिला.

पण घरच्यांनी काच टाकून दिली नाही. ती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. या फोटोचं नशीब तिथेच उघडलं.

काम करणारे गृहस्थ सांगलीतलेच. तरुणपणी काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करायला शिकलेले. आता तेच काम संगणकावर करतात. त्यांनी फोटो मागितला तेव्हा काचही मागितली. काचेवर आतल्या बाजूला चिकटून राहिलेला चेहऱ्याचा तुकडा त्यांनी उजेडात धरून पाहिला. बहुतेक थर काच पुसताना गेला होता. उरला होता तो बाईचा डावा गाल, म्हणजे आपल्या उजव्या हाताची बाजू. कानातली कुडी, पदराची कड, जबड्याची रेषा, ओठांचा एक कोपरा आणि त्यावर आलेली नथ. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात, म्हणून ती नेमकी या तुकड्यात आली. त्यांनी काच तशीच स्कॅनरवर ठेवली आणि मागे पांढरा कागद लावून स्कॅन केली. थर खरवडून काढायच्या फंदात पडले नाहीत.

या तुकड्यानं जी माहिती दिली ती एरवी कुठूनच मिळाली नसती. डोकं किती मोठं होतं, किती कललेलं होतं, हनुवटी कुठे संपत होती, हे त्यातून कळलं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सावलीच्या बाजूचा खरा काळेपणा कळला. स्टुडिओतला उजेड आपल्या डाव्या बाजूनं येत होता. नवऱ्याच्या नाकाची सावली उजवीकडे पडलेली आहे. बाईचा तो गालही सावलीतला. तो किती गडद असायला हवा याचा नमुना काचेवर चिकटून राहिला होता.

आता दुसरा फोटो. बाईंचं माहेर साताऱ्याचं. तिथे घराच्या अंगणात १९४६ साली काढलेला कुटुंबाचा मोठा फोटो होता, चौदा माणसांचा. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढावर वसलेलं. तिथल्या त्या घराला पुराचं भय नाही. फोटो कोरडा होता, कडा तेवढ्या कसरीनं खाल्लेल्या. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरी उभी ती हीच, लग्नाच्या दोन वर्षं आधीची. तिच्या चेहऱ्याची उंची कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत जेमतेम नऊ मिलिमीटर. सांगलीच्या फोटोत हीच उंची वीस मिलिमीटरच्या आसपास होती.

इथे बहुतेक जण गडबडतात. नऊ मिलिमीटरचा चेहरा वीस मिलिमीटरचा करायचा म्हणजे सव्वादोनपट ताणायचा, मग तो पुसट होणारच असं समजून आधीच यंत्राकडे धाव घेतात. पण साताऱ्याचा फोटो एन्लार्ज केलेला नव्हता, निगेटिव्ह कागदाला थेट भिडवून काढलेला होता. अशा छापात डोळ्याला दिसतं त्याहून बरंच अधिक असतं. या गृहस्थांनी तो १२०० डीपीआयनं स्कॅन केला. नऊ मिलिमीटरला सव्वाचारशे बिंदू मिळाले. सांगलीचा फोटो ६०० डीपीआयनं स्कॅन केला, तिथे वीस मिलिमीटरला पावणेपाचशेच्या आसपास लागत होते. म्हणजे बिंदूंच्या हिशेबात ताण फारसा नव्हता. एक डोळा साठेक बिंदूंचा मिळाला, आणि त्यात पापणीची वळणरेषा होती, बुबुळ होतं. इतकं पुरतं. स्कॅनची संख्या वाढवत नेली की माहिती वाढतच जाते असं मात्र नाही. या छापात १२०० च्या पुढे केवळ कागदाचे तंतू मोठे दिसत होते.

कृष्णधवल फोटो असला तरी दोन्ही स्कॅन त्यांनी रंगीत केले. हे मला आधी नवल वाटलं होतं, पण कारण साधं आहे. पुराचा डाग पिवळसर तपकिरी असतो आणि पिवळा रंग निळा उजेड शोषतो. रंगीत स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर वेगळे केले की निळ्या थरात डाग काळाकुट्ट दिसतो आणि लाल थरात जवळजवळ नाहीसा होतो. त्यांनी लाल थर घेतला आणि बाकीचे दोन बाजूला ठेवले. नवऱ्याच्या कोटावरचा पुराचा अर्धा डाग इथेच गेला, एक फटकाराही न मारता. स्कॅन करतानाच कृष्णधवल निवडलं असतं तर ही सोय कायमची गेली असती.

मग आला उजेडाचा प्रश्न, आणि या फोटोचा खरा रस इथे आहे.

साताऱ्याचा फोटो उघड्या आभाळाखालचा. उजेड वरून, सगळीकडून सारखा. त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी अंधारलेल्या, नाकाखाली छोटी सावली, दोन्ही गाल सारखे. सांगलीचा फोटो स्टुडिओतला. एक गाल उजळ, दुसरा सावलीत. हे दोन उजेड एकाच चेहऱ्यावर भेटले की पाहणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण चेहरा चिकटवलेला आहे हे कळतं. चेहरा उलटा करून उजेडाची बाजू जमवायची, ही युक्ती पुष्कळ जण करतात. इथे ती करायचा प्रश्न नव्हता, कारण अंगणातल्या उजेडाला बाजूच नव्हती. पण जिथे करतात तिथेही ती घातक आहे. माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. भांग, भुवईचं वळण, ओठाचा चढता कोपरा, सगळं उलटं होतं, आणि घरच्यांना समोर कोणी परकी बाई बसल्यासारखी वाटते. आपल्याकडच्या जुन्या फोटोत ही चलाखी ओळखण्याची सोपी खूण आहे: नथ किंवा चमकी उजव्या नाकपुडीत दिसली की तो चेहरा उलटवलेला असण्याची शक्यता धरावी.

या गृहस्थांनी काय केलं? चेहऱ्यावर पन्नास टक्के करड्या रंगाचा एक स्वतंत्र थर ठेवला, सॉफ्ट लाइटवर. त्यावर मऊ ब्रशनं थोडं काळं लावलं की खालचं चित्र गडद होतं, पांढरं लावलं की उजळतं, आणि खालचा मूळ चेहरा अबाधित राहतो. डोळ्यांच्या खोबणी त्यांनी हलक्या हातानं उजळल्या. मग नाकाच्या कण्यापासून आपल्या उजवीकडे सावली उतरवत नेली, आणि ती जिथे काचेवरच्या खऱ्या गालाला मिळाली तिथे थांबले. खरा गाल किती गडद ते समोर होतं, म्हणून अंदाजानं रंगवावं लागलं नाही. तरीही हे सोपं नव्हतं. काचेवरच्या तुकड्याचं माप कागदाशी तंतोतंत जुळेना. कागद भिजून फुगला आणि वाळताना आकसला, पण काचेवरचा थर ताणलेलाच वाळला. फरक शेकडा एक-दोनचा, तरी तेवढ्यानं कान आणि पदर एकमेकांपासून सुटत होते. त्यांनी कुडी आणि पदराची कड या दोन खुणा धरून तुकडा बसवला.

डोळ्यांकडे जरा थांबून पाहा. नवऱ्याच्या डोळ्यात बुबुळाच्या वरच्या डाव्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका आहे, स्टुडिओच्या उजेडाचा. साताऱ्याच्या चेहऱ्यात हा ठिपका नव्हता. बुबुळाच्या वरच्या भागावर आभाळाची फिकट पट्टी होती. ती तशीच राहिली असती तर शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत असल्यासारखी दिसली असती. त्यांनी पट्टी किंचित दबवली आणि तिच्याच डाव्या टोकाला तीन-चार बिंदूंएवढा उजळपणा राहू दिला. नवीन ठिपका काढला नाही. पाहणाऱ्याला एवढं पुरतं, आणि बाईची नजर तिचीच राहते. मला या फोटोतला हा सर्वांत समजूतदार निर्णय वाटतो.

त्यानंतर छटा. सांगलीचा फोटो विटलेला. त्यात खरा काळा उरलेला नाही आणि खरा पांढराही नाही. शून्य ते २५५ या मोजपट्टीवर कोटाची गडद घडी तिसाच्या आसपास, आणि सर्वांत उजळ जागा २१५ च्या पुढे जात नाही. साताऱ्याचा फोटो अंधारात गठ्ठ्यात राहिल्यामुळे त्याचा काळा अजून गडद आणि पांढरा अजून स्वच्छ. तो चेहरा तसाच बसवला तर बाई उठून पुढे येते. म्हणून साताऱ्याच्या चेहऱ्याचा काळा वर उचलला, पांढरा खाली आणला. मग कणांचा प्रश्न. सव्वादोनपट वाढवलेल्या चेहऱ्याचे कण शेजारच्या पदराच्या कणांहून मोठे दिसत होते. चेहरा अगदी थोडा मऊ करून ते विरघळवले आणि सांगलीच्या फोटोतल्या मोकळ्या पडद्यावरून घेतलेले कण त्यावर पसरले. शेवटी संपूर्ण फोटोला एकच तपकिरी झाक दिली, सगळ्यांत वरच्या थरावर, एकदाच. ही झाक आधी देऊन मग चेहरा बसवला तर दोन तपकिरी कधीच जुळत नाहीत.

एका बाबतीत दोन्ही फोटोंनी आपण होऊन साथ दिली. त्या काळी स्टुडिओत ऑर्थो जातीच्या प्लेटा सर्रास वापरात होत्या. त्यांना लाल रंग दिसत नाही, म्हणून त्या लाल दिव्याखाली धुता येत. त्याचाच परिणाम म्हणजे कुंकू फोटोत जवळजवळ काळं येतं, ओठ गडद येतात आणि सावळा रंग आहे त्याहून सावळा दिसतो. दोन्ही फोटो या एकाच जातीचे, म्हणून कातडीची छटा जुळली. साताऱ्याचा फोटो दहा-पंधरा वर्षांनंतरचा, सगळे रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवरचा असता, तर कुंकू करडं आणि ओठ फिके आले असते, आणि नवऱ्याच्या शेजारी ती वेगळ्याच काळातली दिसली असती. असे दोन फोटो जोडायचे तर नुसतं उजळ-गडद करून भागत नाही. ओठ, कुंकू, गाल यांना वेगवेगळं हाताळावं लागतं.

हे काम त्यांच्याकडे येण्याआधी घरातल्या एका तरुणानं संगणकावर चेहरा बदलण्याची तयार साधनं वापरून पाहिली होती. तो फोटोही मी पाहिला आहे आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय या कामाची पारख पुरी होत नाही. अशी बरीच साधनं आतून `inswapper_128` या एकाच नमुन्यावर चालतात. आधी ती फोटोत चेहरा शोधतात, आणि दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांचे दोन कोपरे अशा पाच खुणांवरून तो सरळ करून घेतात. इथे बाईच्या जागी चेहराच नव्हता. साधनाला फोटोत एकच चेहरा सापडला, नवऱ्याचा, आणि त्यानं बायकोचा चेहरा त्याच्यावर बसवला. मग त्या मुलानं पांढऱ्या डागावर कुठूनतरी घेतलेला एक चेहरा तात्पुरता चिकटवला, तेव्हा साधनानं तो बदलून दिला.

पण नावातल्या १२८ चा अर्थ असा की हा नमुना चेहरा १२८ बाय १२८ बिंदूंत घडवतो. जिथे पावणेपाचशे बिंदू हवेत तिथे हा फार धूसर पडतो. म्हणून त्यावर GFPGAN सारखं चेहरा निखरवणारं साधन चालवतात. ते २०२१ सालचं. ज्या चेहऱ्यांवर ते शिकलं तो सत्तर हजार चेहऱ्यांचा संग्रह इंटरनेटवरच्या आजच्या, स्पष्ट, रंगीत फोटोंचा आहे. धूसर चेहरा दिला की ते त्यात दडलेली माहिती शोधत नाही. अशा चेहऱ्यांत सहसा काय असतं ते आठवून भरतं. पापण्यांचे केस सुटे सुटे आले. बुबुळं चकाकली. गाल गुळगुळीत झाले. कुंकवाची कड फाटून त्याचा एक अस्पष्ट डाग झाला, आणि नथेचे मोती ओठाच्या कातडीत विरून गेले. धुळीनं माखलेल्या फोटोत तो एकच चेहरा काल सकाळी काढल्यासारखा. चेहरा सुंदर होता, हे खरं.

साताऱ्याला बाईंची धाकटी बहीण आहे, ऐंशी ओलांडलेली. अंगणातल्या फोटोत पुढच्या रांगेत फ्रॉक घालून बसलेली सर्वांत लहान मुलगी तीच. त्या मुलानं तिला हा फोटो दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “ही कुणाकडची रे?” आक्का आहे असं सांगितल्यावर म्हणाली, “आक्काचा डावा डोळा जरा बारका होता. हसली की मिटायचा. हिचे दोन्ही सारखे आहेत.” साताऱ्याच्या फोटोत तो फरक आहे, सव्वाचारशे बिंदूंच्या स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतो. यंत्रानं तो दुरुस्त केला होता.

हाताचं काम पुरं झालं तेव्हा त्या गृहस्थांनी ते स्वतः साताऱ्याला नेऊन दाखवलं. “आजी, बघा बरं,” एवढंच म्हणाले. आजींनी डोळ्यांबद्दल काही विचारलं नाही. कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, “लग्नानंतर ती एवढं बारीक कुंकू लावत नव्हती. चांगलं रुपयाएवढं असायचं.” कुंकू साताऱ्याच्या चेहऱ्याबरोबर आलेलं, लग्नाआधीचं. सांगलीच्या फोटोतलं कपाळ ना कागदावर उरलं होतं ना काचेवर. त्यांनी ते मोठं केलं नाही. मोठं म्हणजे किती, गोल की आडवं, थोडं वर की भुवयांच्या बेताला, याचा पुरावा नव्हता. आजींची आठवण तेवढी होती. मला इथे त्यांच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही. बहिणीची साक्ष हाही पुरावाच आहे, आणि ते कुंकू वेगळ्या थरावर ठेवून मोठं करता आलं असतं. नथ, मंगळसूत्र, डोक्यावरून पदर आणि कपाळावर मुलीचं कुंकू, ही विसंगती जाणत्या नजरेला खटकते. या फोटोतली उणी जागा ती हीच.

दुसरी एक जागा मात्र मला पूर्ण पटलेली आहे, आणि तिच्यावर लोकांचा आक्षेप येतो. नवऱ्याच्या खांद्यावरून निघालेली एक भेग बाईच्या गळ्यापाशी येते आणि बसवलेल्या चेहऱ्याच्या कडेला थांबते. बारकाईनं पाहिलं तर चेहरा कुठून सुरू झाला हे तिथे कळतं. भेग गालावर पुढे ओढली असती तर जोड अगदी बेमालूम झाला असता. असं करणं कठीण नाही आणि पुष्कळ जण करतात. मग चेहऱ्यावर कण पसरले ते चाललं आणि भेग का नाही? माझ्या मते यात फरक आहे. कण हा कागदाचा आणि प्लेटेचा स्वभाव आहे. त्या फोटोत जो कोणी बसेल तो त्या कणांतूनच दिसेल. भेग ही घडलेली गोष्ट आहे. ती या चेहऱ्यावर घडली नाही. कण जुळवले नाहीत तर चेहरा फोटोत राहत नाही, म्हणून ते जुळवणं भाग होतं. खोटी भेग ओढायची गरज नव्हती. ती ओढली असती तर केवळ पाहणाऱ्याला फसवण्यासाठी.

फोटोत चेहरा बदलणं नवं नाही आणि त्याचा उद्देश नेहमी इतका स्वच्छही नव्हता. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जनरल ग्रँट यांचा घोड्यावर बसलेला एक प्रसिद्ध फोटो आहे. १९०२ च्या सुमारास तो तीन निगेटिव्ह जोडून केला गेला. डोकं ग्रँटचं, १८६४ साली काढलेल्या फोटोतलं. घोडा आणि धड मॅकूक नावाच्या दुसऱ्या जनरलचं. मागची छावणी युद्धकैद्यांची. आपल्याकडच्या स्टुडिओंतही पूर्वी नवरा-बायकोचे वेगवेगळे फोटो कापून, एका पुठ्ठ्यावर चिकटवून, त्याची पुन्हा निगेटिव्ह घेऊन जोडीचा फोटो करून देत. दोघांपैकी एक हयात नसे आणि जोडीचा फोटो कधी काढलेलाच नसे, तेव्हा घरचे अशी मागणी करत. साध्या सदऱ्यातल्या माणसाला कोट चढवून देण्याची रीत तर पासपोर्ट फोटोच्या दुकानात अजून आहे. ग्रँट त्या घोड्यावर त्या जागी कधी बसले नव्हते. सांगलीच्या फोटोतली बाई मात्र त्या खुर्चीवर बसली होती. धड तिचं, हात तिचे, नथ तिची, आणि डोळेही तिचेच, फक्त दोन वर्षं आधीचे. चेहरा बदलण्याच्या सगळ्या प्रकारांत मला हा एक प्रकार विनाअट मान्य आहे: ज्याचं धड त्याचाच चेहरा, आणि वयात फार अंतर नको. विशीतल्या धडावर पन्नाशीचा चेहरा कितीही कौशल्यानं बसवला तरी मान तो स्वीकारत नाही.

काम तपासायची त्या गृहस्थांची रीतही सांगण्याजोगी. संपलंसं वाटलं की ते फोटो पडद्यावर उलटा करतात, डोकं खाली पाय वर. उलट्या चेहऱ्याचे भाव आपल्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे डोळा भावात गुंतत नाही आणि उजेड, छटा, कडा एवढंच पाहतो. जोड असेल तर तिथे उठून दिसतो. मग फोटो लहान करून, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्या मापात बाई नवऱ्याहून अधिक ठळक दिसली तर चेहरा अजून फार स्पष्ट आहे. त्यांनी हा चेहरा दोनदा आणखी धूसर केला, असं ते म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांना स्वतःला वाईट वाटलं, कारण पापणीची एक छान रेषा त्यात गेली.

नवा छाप मूळ मापातच काढला, मोठा केला नाही. चमकदार कागद टाळून मॅट कागद घेतला. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घातली, म्हणजे पुन्हा पाणी आलं तरी फोटो काचेला टेकणार नाही. मूळ कागद आणि ती काच वेगळ्या पाकिटांत घरच्यांकडे परत दिली. नव्या फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलं की कपाळ, डोळे आणि उजवा गाल साताऱ्याच्या १९४६ च्या फोटोतला, डावा गाल व नथ मूळ काचेवरून.

कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठच्या घरांत असे काचेला चिकटलेले फोटो अजून माळ्यावर, ट्रंकेत पडून असतील. ते ओढू नका, भिजवू नका, काच पुसू नका. फ्रेम मागून हळूच उघडून फोटो काचेसकट स्कॅन करून घ्या, रंगीत, आणि १२०० डीपीआयनं. फोटो आधीच निघाला असेल आणि काचेवर काही उरलं असेल, तर तेही स्कॅन करा. मग माहेरी, आजोळी, भावकीत त्याच माणसाचा त्याच वयाचा दुसरा फोटो आहे का ते विचारा. मोठ्या घोळक्यात मागच्या रांगेतला नऊ मिलिमीटरचा चेहरासुद्धा चालेल. आणि त्या माणसाला पाहिलेलं कोणी हयात असेल, तर काम पुरं होण्याआधी फोटो घेऊन त्यांच्याकडे जा.